दारू, थायमिन आणि ‘खोटारडा’ ठरलेला माणूस

आरोग्याचे हे पान आम्ही चौघे मिळून चालवतो. आमच्यात दोन परिचारिका, एक डॉक्टर आणि एक समाजसेविका आहे. दारूवर या पानावर बरेच लिहून झाले आहे आणि त्यात यकृत, पोटातले पाणी, काविळीचे डोळे हे सगळे येऊन गेले. एका गोष्टीवर मात्र आम्ही आजवर लिहिले नाही. ती गोष्ट आमच्याच ओळखीच्या एका घरात घडली आणि ती टाळता आली असती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गृहस्थांचे नाव देत नाही. वय 49, काम इमारतींच्या रंगकामाचे, वीस-बावीस वर्षे रोज देशी दारू. मागच्या पावसाळ्यात काम बंद पडले तेव्हा सकाळीच चपटी सुरू झाली. जेवण सुटले. ताट पुढे ठेवले की दोन घास खाऊन सरकवून द्यायचे, दिवसभरात चहा आणि मूठभर फुटाणे. असे पाच-सहा आठवडे गेले. शेवटच्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दारूसुद्धा पोटात टिकेना.

मग एका सकाळी ते उठले आणि भिंतीला धरून चालू लागले. पाय फाकवून, बोटीत उभा राहिलेला माणूस चालतो तसे. त्यांच्या पत्नीला वाटले, रात्री कुठेतरी लपवलेली बाटली सापडली असणार. पण तोंडाला वास नव्हता. “दोन-दोन दिसतंय,” असे ते म्हणाले. दुपारपर्यंत आज वार कोणता, आपण कोणत्या खोलीत आहोत, हेही त्यांना नीट सांगता येईना. जवळच्या खासगी दवाखान्यात नेले. तिथे “दारू उतरली की बरे होतील” असे सांगून ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या आणि घरी पाठवले. त्या रात्री ते अधिकच बिघडले. हाक मारली तर ओ देत, पण समोर कोण आहे ते समजत नव्हते. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने त्यांच्या डोळ्यांसमोर बोट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवले. बुबुळे बोटामागे जाताना थरथरत होती आणि एक डोळा बाहेरच्या बाजूला पुरता वळतच नव्हता. डॉक्टरने पत्नीला एकच प्रश्न विचारला : “जेवत होते का?”

आमच्या मते या आजाराचे निदान त्या एका प्रश्नात आहे.

थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व. माणसाला रोज एक ते दीड मिलिग्रॅम लागते. शरीरात त्याचा साठा अवघा तीसेक मिलिग्रॅमचा असतो, आणि बाहेरून काहीच आले नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो तळाला जातो. रोज भरपूर पिणाऱ्याचे इथे चहूबाजूंनी नुकसान होते. दारूने भूक मरते, कारण दारूत उष्मांक असतात पण जीवनसत्त्व नसते. जे थोडे खाल्ले जाते त्यातले थायमिन आतड्यातून नीट शोषले जात नाही, कारण दारू तिथेच अडथळा करते. यकृत खराब झालेले असेल तर साठवणही होत नाही. त्यात उलट्या लागल्या की उरलेसुरले जाते.

आता मेंदूकडे पाहा. मेंदूचे मुख्य इंधन साखर, म्हणजे ग्लुकोज. ते ग्लुकोज पेशीत जाळून त्यातून शक्ती काढायची तर थायमिन लागतेच. चूल आहे, लाकूड आहे, पण काडीच नाही, अशी स्थिती होते. मेंदूच्या सगळ्या भागांना याचा सारखा फटका बसत नाही. खोलवर, मधोमध असलेल्या काही छोट्या जागा सर्वांत आधी मरतात. डोळे फिरवणारी केंद्रे आणि तोल सांभाळणारा भाग त्यांत येतो, आणि नव्या आठवणी साठवण्याच्या वाटेवरची ठाणीही येतात. त्या रात्री ग्लुकोजच्या बाटल्यांनंतर प्रकृती का ढासळली, याचे संभाव्य उत्तरही इथेच आहे. थायमिन संपलेल्या शरीरात साखर ओतली की तिला जाळण्यासाठी शिल्लक होते नव्हते तेही खर्ची पडते. आजार आधीच सुरू झाला होता, त्यामुळे सगळा दोष त्या दोन बाटल्यांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बाटलीबरोबर थायमिनचे इंजेक्शन जायला हवे होते, आणि ते गेले नाही.

इथे एक खुलासा करणे भाग आहे, नाहीतर वाचक उलटा अर्थ काढतील. रक्तातली साखर फार खाली गेलेली असेल तर ग्लुकोज ताबडतोब द्यावेच लागते. थायमिन मिळेपर्यंत ते अडवून धरणे चूक आहे. म्हणून घरच्यांनी “ग्लुकोज लावू नका” असे म्हणायचे नाही. “थायमिनही द्या, हे सहा आठवडे जेवलेले नाहीत,” असे म्हणायचे.

1881 साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. त्यांतले दोघे दारू पिणारे पुरुष होते. तिसरी एक तरुण स्त्री होती आणि ती दारू पिणारी नव्हती. तिने तीव्र आम्ल प्यायल्याने जठराची वाट आक्रसली होती आणि उलट्यांमुळे अन्न पोटात टिकत नव्हते. म्हणजे पहिल्या दिवसापासून या आजाराने सांगून ठेवले आहे की मुळाशी उपासमार आहे आणि दारू हा तिथे पोचण्याचा सर्वांत वापरातला रस्ता आहे. आजही गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईला हाच आजार होऊ शकतो. तिला कोणी “भोग आपल्या कर्माची फळे” म्हणत नाही.

पुस्तकात तीन लक्षणे दिलेली असतात : डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे आणि मन गोंधळणे. अडचण अशी की तिन्ही एकदम दिसणारे रुग्ण थोडे असतात. शवविच्छेदनांच्या अभ्यासात ज्यांच्या मेंदूत हा आजार सापडला, त्यांच्यापैकी जेमतेम सहातल्या एकाच्या कागदांवर तिन्ही लक्षणांची नोंद होती. बाकीचे “दारूचा अंमल” म्हणून गेले. म्हणून आता दारूच्या रुग्णात चारपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी आजार धरून चालावे, असे मानतात. पहिली खाण्याची आबाळ, दुसरी डोळ्यांत बिघाड, तिसरी झोकांड्या आणि चौथी गोंधळ किंवा विसर. आमच्या गृहस्थांत पहिल्याच दवाखान्यात चारही होत्या. रक्ततपासणीची वाट पाहण्यात अर्थ नसतो, कारण थायमिनची तपासणी सगळीकडे होत नाही आणि झाली तरी उत्तर यायला दिवस जातात. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो. एमआरआयमध्ये कधी दिसते, कधी नाही, आणि स्वच्छ एमआरआय आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

सरकारी रुग्णालयात त्या डॉक्टरने उपचार त्याच घटकेला सुरू केले. 500 मिलिग्रॅम थायमिन सलाइनच्या छोट्या बाटलीत मिसळून शिरेतून अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. पुढे पाच दिवस रोज 250 मिलिग्रॅम, मग गोळ्या. रोजची गरज दीड मिलिग्रॅमची आणि डोस दीड हजारांचा, हे ऐकून त्यांच्या पत्नी घाबरल्या होत्या. पण रिकाम्या मेंदूपर्यंत पुरेसे पोचायचे तर रक्तात ते एकदम भरपूर असावे लागते, आणि जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. तोंडाने गोळी दिली तर निरोगी माणसाच्या आतड्यातूनही एका वेळी थोडेच मिलिग्रॅम आत जाते, पिणाऱ्याच्या आतड्यातून त्याहून कमी. म्हणून या अवस्थेत गोळ्यांवर भागत नाही. वस्तीतल्या दवाखान्यांत ‘ताकदीची’ म्हणून लावतात त्या पिवळ्या सलाइनवरही भागत नाही. त्यात थायमिन असते, पण या आजाराला पुरेल इतके नसते. शिरेतून देताना क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून हे काम रुग्णालयातच व्हावे. रक्तातले मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन असूनही काम करत नाही, तेही पाहून भरून काढावे लागते.

दुसऱ्या दिवशी डोळे सरळ झाले. दोन-दोन दिसणे थांबले. गोंधळ दहा दिवसांत निवळला. चालणे सुधारायला महिना लागला आणि अजूनही जिना उतरताना ते कठडा धरतात. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि इथून खरे दुःख सुरू झाले.

आम्ही त्यांना भेटायला गेलो तो रुग्णालयातला पंधरावा दिवस. शुद्धीत, हसतमुख, बोलण्यात गोडवा. “जयभीम ताई, बसा.” कसे आहात विचारले तर म्हणाले, “पाय दुखतात. आज सकाळीच नागपूरहून आलो ना, दीक्षाभूमीवर काय गर्दी होती म्हणता! पाणी द्यायला पोरं उभी होती.” पंधरा दिवस त्यांनी वॉर्ड सोडलेला नव्हता. त्यांच्या पत्नीने कपाळाला हात लावला : “बघा. असं धडधडीत खोटं बोलतात.”

पण आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की 2006 साली, धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवाला, ते खरोखरच नागपूरला गेले होते. गर्दी खरी होती, पाणी देणारी पोरे खरी होती, दुखणारे पायही खरेच होते. फक्त ती आठवण वर्षांच्या जागेवरून निसटून आज सकाळच्या रिकाम्या जागेत येऊन बसली होती.

या अवस्थेचे वर्णन मॉस्कोचे डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी 1887 पासून पुढच्या काही वर्षांत केले. त्यात नव्या आठवणी साठत नाहीत. आम्ही त्यांना तीन शब्द सांगितले : बादली, पिंपळ, रेल्वे. त्यांनी लगेच बरोबर म्हणून दाखवले. पाच मिनिटे इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि पुन्हा विचारले. शब्द तर गेलेच होते, पण आपल्याला कोणी शब्द सांगितले होते हेही गेले होते. लग्न, आईचे गाव, पहिल्या मुकादमाचे नाव ही जुनी माहिती मात्र शाबूत. आजाराच्या आधीची काही वर्षे पुसट आणि आजारानंतरचे जवळजवळ कोरे. बुद्धी, बोलणे, शिष्टाचार ठीक असल्यामुळे समोरच्याला संशयच येत नाही. प्रश्न आला की मेंदू ती कोरी जागा हाताशी लागेल त्या जुन्या तुकड्याने भरतो, आणि भरणाऱ्याला ते भरणे कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती आठवणच असते.

वॉर्डातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विद्यार्थ्यांपुढे त्यांना विचारले, “काल आपण चहाच्या टपरीवर भेटलो होतो, आठवतं?” हे म्हणाले, “हो तर, तुम्ही बिस्किट घेतलं नाही.” विद्यार्थी हसले. आम्हाला हसू आले नाही. दारूने पोखरलेल्या मेंदूत प्रश्नच उत्तराला जन्म देतो, हे शिकवायचे तर रुग्णाला गंमत न करताही शिकवता येते.

घरात याची किंमत वेगळी मोजावी लागली. धाकट्या भावाकडून त्यांनी आजाराच्या आधी 8000 रुपये उसने घेतले होते. भाऊ भेटायला आला तेव्हा म्हणाले, “तुझे पैसे मी गेल्या रविवारी दिले की, तुझ्या बायकोच्या हातात.” असा रविवार नव्हताच. भाऊ उठून गेला आणि तीन महिने फिरकला नाही. गल्लीत चर्चा झाली की दारुड्याने आजारपणाचे सोंग घेऊन पैसे बुडवले. विहारातल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला सुनावले की पाचवे शील मोडणारा चौथेही मोडणारच.

याला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही शीलाच्याच भाषेत मांडतो. असत्य बोलणे घडायला बोलणाऱ्याला ते असत्य आहे हे माहीत असावे लागते आणि समोरच्याला फसवण्याचा हेतू असावा लागतो. या माणसाकडे दोन्ही नाही. रविवारी पैसे दिल्याचे त्यांना दिसते आहे, जसे आपल्याला आपला काल दिसतो. बहुधा कधीतरी, कोणाच्या तरी पत्नीच्या हातात, त्यांनी खरेच पैसे परत केले असतील. पाचव्या शीलाबद्दल जे म्हणायचे ते जरूर म्हणा. पण मेंदूच्या जखमेवर चौथ्या शीलाचा गुन्हा लावू नका.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी घ्यावी. असा माणूस समोर ठेवलेल्या कागदावर सहज सही करतो आणि “वाचले का?” विचारले तर “हो, कालच वाचले” म्हणतो. घर, कर्ज, नोकरीचे पैसे यांपैकी कुठलाही कागद पत्नीच्या किंवा जाणत्या मुलाच्या उपस्थितीशिवाय आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय त्याच्यापुढे ठेवू नये. बचत गटाच्या आणि पतपेढीच्या मंडळींना हे विशेष सांगणे आहे.

घरी कसे वागावे, हे आम्ही त्यांच्या पत्नीबरोबर चुकतमाकत शिकलो. आधी त्या प्रत्येक वाक्यावर भांडायच्या, “नाही, तुम्ही गेला नव्हता!” मग तेही चिडायचे, कारण त्यांच्या मनातली आठवण पक्की होती. नंतर त्या हो ला हो मिळवू लागल्या, तर गोष्ट वाढत गेली. आता त्या “काल काय केलंत?” असा प्रश्नच विचारत नाहीत. स्वतःच सांगतात : “आज गुरुवार. सकाळी तुम्ही आंघोळ केली, भाकरी खाल्ली. आता गोळी.” दारामागे काळा फळा आहे, त्यावर तारीख आणि दिवसाची कामे. एक वही शर्टाच्या खिशात दोरीने बांधलेली. चष्मा, गोळ्या, चपला यांच्या जागा ठरलेल्या आणि त्या कोणीही बदलायच्या नाहीत. नवी गोष्ट शिकवताना “ओळखा बरं” म्हणायचे नाही, कारण चुकीचा अंदाजच डोक्यात बसतो. बरोबर तेच पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. गोष्टी रचणे पहिल्या काही महिन्यांत जास्त असते, पुढे ओसरते. त्यांचेही ओसरले. त्याच्या जागी एक गप्पपणा आला, तो पत्नीला अधिक जाचतो.

बरे होणार का, हा प्रश्न प्रत्येक घर विचारते. कोर्साकोव्हच्या अवस्थेत पोचलेल्यांपैकी साधारण चौथाई लोक बऱ्यापैकी सावरतात, चौथाईंमध्ये काहीच फरक पडत नाही आणि उरलेले मधे कुठेतरी थांबतात. दारू पूर्ण बंद, पोटभर अन्न आणि थायमिन चालू राहिले तर सुधारणा वर्ष-दोन वर्षे होत राहू शकते. पुन्हा प्यायला लागले तर पुढचा झटका उरलेलेही घेऊन जातो.

आमची मागणी एकच आहे. दारूमुळे आलेला, गोंधळलेला किंवा झोकांड्या खाणारा प्रत्येक माणूस दवाखान्याच्या दारात आला की थायमिन शिरेतून द्यावे, निदान पक्के होण्याची वाट न पाहता. औषध स्वस्त आहे, धोका नगण्य आहे आणि चुकून गरज नसलेल्याला दिले गेले तर काही बिघडत नाही. न देण्याची चूक मात्र दुरुस्त होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1991 पासून पावाच्या पिठात थायमिन घालणे सक्तीचे केले, कारण तिथे या आजाराचे प्रमाण डोळ्यांवर आले होते. आपल्याकडे निदान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ही इंजेक्शने असावीत आणि व्यसनमुक्ती शिबिरे भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी पहिल्या दिवशी नावनोंदणीबरोबर जेवणाची चौकशी करावी. आमच्या परिसरातल्या शिबिरात ती आजवर कोणी केलेली नाही, आणि त्या शिबिरांत आम्हीही होतो.

आता चौदा महिने झाले. भाऊ परत येतो. त्याला समजावायला आम्हाला दोन खेपा लागल्या आणि शेवटी तीन शब्दांची ती परीक्षा त्याने स्वतः घेतली तेव्हाच त्याला पटले. गृहस्थ पुन्हा थोडे रंगकाम करतात, कारण हाताची आठवण वेगळ्या ठिकाणी असते आणि ती शाबूत आहे. पुट्टी, घासकाम, प्रायमर, पहिला हात, दुसरा हात, सगळे बिनचूक. कोणत्या भिंतीवर कोणता हात झाला ते मात्र त्यांना सांगता येत नाही. म्हणून मुलगा रोज संध्याकाळी प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात खडूने एक किंवा दोन रेघा ओढून ठेवतो, आणि सकाळी ते आधी रेघा मोजतात.